चार कर्जांचा मिळून एकच व्याजदर: तो काय सांगतो आणि काय लपवतो

प्रश्न: माझ्यावर चार कर्जं आहेत. घराचं २४ लाख शिल्लक, ८.५ टक्के, १५ वर्षं बाकी. गाडीचं ४ लाख, १० टक्के, ३ वर्षं. वैयक्तिक कर्ज ३ लाख, १४ टक्के, २ वर्षं. क्रेडिट कार्डावर १ लाख, महिना ३ टक्के. ते मी वर्षभरात फेडणार आहे. चारही दरांची सरासरी काढली तर १७ टक्के येते, पण भारित सरासरी १० टक्केच भरते असं एकाने सांगितलं. आता घराच्या कर्जावर ८ लाखांचा टॉप-अप साडेनऊ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी मिळतोय. त्यातून बाकीची तिन्ही कर्जं संपतील आणि सरासरी दर आणखी खाली येईल. म्हणजे एकूण ओझं हलकं होईल ना?

उत्तर:

दर खाली येईल, महिन्याचा हप्ताही निम्म्याच्या आसपास येईल, पण व्याज म्हणून तुमच्या खिशातून जाणारी रक्कम पावणेसहा लाखांनी वाढेल. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या एकत्र कशा नांदतात ते कळलं की टॉप-अप घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर किती मुदतीचा, हे तुम्हीच ठरवू शकाल.

आधी तो दहा टक्क्यांचा आकडा. साध्या सरासरीत एक लाखाच्या कार्डाला आणि चोवीस लाखांच्या घराच्या कर्जाला एकच किंमत मिळते, म्हणून तुमचे १७ टक्के आले. भारित सरासरीत प्रत्येक दराला त्या कर्जाच्या शिलकीइतकं वजन दिलं जातं. हाताने करायचं तर प्रत्येक कर्जाचं आजच्या शिलकीवरचं वर्षाचं व्याज काढा: घराचं २,०४,०००, गाडीचं ४०,०००, वैयक्तिक ४२,००० आणि कार्डाचं ३६,०००. बेरीज ३,२२,०००. एकूण शिल्लक ३२ लाख. भागाकार १०.०६ टक्के. म्हणजे आज तुमच्या डोक्यावरच्या कर्जातले दर शंभर रुपये तुम्हाला वर्षाला दहा रुपये सहा पैशांना पडताहेत. स्प्रेडशीटमध्ये शिलका B2 ते B5 आणि दर C2 ते C5 या घरांत असतील, तर एवढंच लिहायचं:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

गणित सोपं आहे, पण त्यात घालायचे आकडे चुकू शकतात. वजन द्यायचं ते आजच्या शिलकीला. मंजूर झालेली मूळ रक्कम धरू नका, कारण फेडून झालेल्या मुद्दलावर आज कोणीच व्याज लावत नाही. आणि सगळे दर एकाच पद्धतीचे असले पाहिजेत. हप्त्याच्या कर्जाचा ८.५ टक्के दर म्हणजे महिन्याच्या दराची बारा पट असते. त्याच हिशेबाने कार्डाचे महिना ३ टक्के म्हणजे ३६ टक्के धरायचे. चक्रवाढ धरली तर कार्डाचा दर ४२.६ टक्के भरतो आणि तोही आकडा खरा आहे, पण मग बाकीच्या तिन्ही दरांचीही चक्रवाढ काढावी लागेल. एकाची काढून दुसऱ्याची सोडली तर सरासरीला अर्थ राहत नाही.

याहून मोठी गफलत फ्लॅट दराची. तुमच्या गाडीच्या कर्जाचे १० टक्के घटत्या शिलकीवरचे आहेत असं मी धरलं आहे. पण समजा कोणी म्हणालं, “आमच्याकडे आठच टक्के, फ्लॅट”, तर ते तीनही वर्षं पूर्ण ४ लाखांवर व्याज लावतात. ९६,००० व्याज, ३६ हप्ते, प्रत्येकी १३,७७८. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर सुमारे साडेचौदा टक्के होतो. आठ म्हणून सरासरीत घातला तर सगळा हिशेब बिघडेल. कागदावर काहीही लिहिलेलं असो, ओळखायचा एक पक्का मार्ग आहे. कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये गेल्या महिन्याच्या हप्त्यातला व्याजाचा भाग बघा, त्याला बाराने गुणा आणि त्या महिन्याच्या सुरुवातीच्या शिलकीने भागा. येईल तो त्या कर्जाचा चालू दर. फक्त एक अट: स्टेटमेंटमध्ये दर महिन्याचं व्याज सारखंच दिसत असेल, तर ती फ्लॅट मांडणी आहे. तिथे हा भागाकार उपयोगाचा नाही. हप्ता, महिने आणि हातात मिळालेली रक्कम यांवरून स्प्रेडशीटच्या RATE सूत्राने दर काढावा लागतो.

तुमच्या चारही कर्जांचं पहिल्या महिन्याचं व्याज अनुक्रमे १७,०००, ३,३३३, ३,५०० आणि ३,००० येतं. मिळून २६,८३३. बाराने गुणून ३२ लाखांनी भागलं की पुन्हा तेच १०.०६. तुमच्या स्टेटमेंटांतली बेरीज याच्या जवळपास येत असेल तर आकडे बरोबर आहेत असं समजा. मात्र वर्षभरात प्रत्यक्ष ३,२२,००० जाणार नाहीत, कारण प्रत्येक हप्त्याबरोबर शिल्लक उतरत जाते. हा आजचा वेग आहे, वर्षाचा जमाखर्च नव्हे.

आता या आकड्याचा स्वभाव. तो खाली आला म्हणजे परिस्थिती सुधारली आणि वर गेला म्हणजे बिघडली, असं सगळ्यांना वाटतं. सल्ला घ्यायला येणारी बरीच मंडळी हाच समज घेऊन येतात, आणि कर्ज विकणारेही तो समज दूर करत नाहीत. तुमच्याच आकड्यांवर दोन प्रयोग करून बघू.

समजा तुम्ही घराच्या दुरुस्तीसाठी ९ टक्क्यांनी आणखी ८ लाख घेतले. वर्षाच्या व्याजात ७२,००० वाढले, एकूण ३,९४,०००. शिल्लक ४० लाख. सरासरी ९.८५ टक्के. कर्ज आठ लाखांनी वाढलं, व्याज वाढलं, आणि सरासरी मात्र उतरली.

आता उलटा प्रयोग. हातात एक लाख आले आणि ते तुम्ही घराच्या कर्जात भरले. वर्षाच्या व्याजातून ८,५०० कमी झाले, शिल्लक ३१ लाखांवर आली. सरासरी १०.११ टक्के, म्हणजे आधीपेक्षा जास्त. कर्ज कमी झालं आणि दर चढला. तोच लाख कार्डावर भरला असता तर वर्षाचं व्याज ३६,००० ने उतरलं असतं आणि सरासरी ९.२३ झाली असती.

कारण साधं आहे. सरासरीपेक्षा स्वस्त कर्ज वाढलं किंवा महाग कर्ज संपलं की सरासरी उतरते. स्वस्त कर्ज फिटलं की ती चढते. कर्ज एकूण किती आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. तुम्ही काहीही न करता नुसते हप्ते भरत राहिलात तरी वर्षभरात कार्ड संपेल, दोन वर्षांत वैयक्तिक कर्ज संपेल, तीन वर्षांनी गाडी सुटेल, आणि सरासरी आपोआप घसरत साडेआठवर येऊन थांबेल. ती घसरण कोणाच्या हुशारीने झालेली नसेल. म्हणून या आकड्याशेजारी नेहमी दोन आकडे लिहून ठेवा: एकूण शिल्लक आणि वर्षाचं व्याज रुपयांत. तिन्ही एकत्र पाहिले की फसगत होत नाही.

फसगत होण्याची मुख्य जागा मात्र अजून पुढेच आहे. भारित सरासरीत रक्कम आहे, दर आहे, पण काळ नाही. वर्षभरात संपणारं कार्ड आणि पंधरा वर्षं चालणारं घराचं कर्ज ती एकाच क्षणी मोजते. ओझं म्हणजे शेवटपर्यंत एकूण किती व्याज द्यायचं, असा अर्थ घेतला तर चित्र पार बदलतं.

घराचा हप्ता २३,६३४, असे १८० हप्ते. त्यात व्याज १८.५४ लाख. गाडीचा हप्ता १२,९०७. तीन वर्षांचं व्याज सुमारे ६४,६००. वैयक्तिक कर्जाचा १४,४०४; दोन वर्षांत ४५,७००. कार्ड वर्षात संपवायचं तर महिन्याला १०,०४६ भरावे लागतील आणि त्यात व्याज २०,६०० च्या आसपास. चारही मिळून पुढे द्यायचं व्याज १९.८५ लाख.

यातला घराच्या कर्जाचा वाटा बघा. आजच्या वर्षाच्या व्याजात तो ६३ टक्के आहे. शेवटपर्यंतच्या व्याजात ९३ टक्के. सगळ्यांत कमी दराचं कर्ज सगळ्यांत जास्त व्याज खातं, कारण ते मोठं आहे आणि लांब आहे. उलट ३६ टक्क्यांचं कार्ड आजच्या व्याजात ११ टक्के वाटा घेतं, आणि शेवटपर्यंतच्या हिशेबात जेमतेम एक टक्का. अर्थात वर्षात ते खरोखर संपवलं तरच. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर कार्डाची मुदत वर्षांनुवर्षं लांबते आणि हा एक टक्का एक टक्का राहत नाही.

इथे अनेक जण घाईने निष्कर्ष काढतात की मग जादा पैसा घराच्या कर्जातच भरावा. एक लाख आज घराच्या कर्जात भरून हप्ता तोच ठेवला, तर साधारण चौदा हप्ते वाचतात आणि शेवटपर्यंतचं व्याज सुमारे २.४ लाखांनी कमी होतं. कार्डावर भरला तर वाचतात फक्त वीस हजार. मग कार्डाचा आग्रह कशाला? कारण ही तुलना बरोबरीची नाही. कार्ड आज संपलं की महिन्याचे १०,०४६ मोकळे होतात. ते बारा महिने घराच्या कर्जात भरा. वर्षाअखेरीस घराची शिल्लक एरवीपेक्षा सुमारे १,२५,००० ने कमी झालेली असेल. तोच लाख सुरुवातीला घराच्या कर्जात भरून कार्ड हळूहळू फेडलं असतं, तर ती १,०९,००० ने कमी झाली असती. दोन्ही वाटांवर खिशातून तेवढेच पैसे गेले, दोन्हींकडे वर्षाअखेरीस कार्ड संपलं, आणि पहिल्या वाटेने घराचं कर्ज १६ हजारांनी जास्त उतरलं. दोन वाटांची तुलना करताना दर महिन्याला खिशातून जाणारी रक्कम दोन्हींकडे सारखी ठेवायची. हा नियम पाळला की महाग दर आधी संपवणंच प्रत्येक वेळी पुढे निघतं, मुदतपूर्व फेडीवर शुल्क नसेल तर.

तोच नियम आता तुमच्या टॉप-अपला लावू.

तिन्ही छोट्या कर्जांची मिळून शिल्लक ८ लाख आणि वर्षाचं व्याज १,१८,०००, म्हणजे त्यांची आपसातली भारित सरासरी १४.७५ टक्के. त्या जागी ९.५ टक्के येणार. पूर्ण कर्जाची सरासरी १०.०६ वरून ८.७५ होणार. सव्वापाच टक्क्यांचा फरक खरा आहे, मी त्याला कमी लेखत नाही. एकरकमी बदलात असा फरक मिळणं ही चांगली संधी आहे.

पण १५ वर्षांच्या मुदतीत ८ लाखांचा हप्ता पडेल ८,३५४, आणि १८० हप्त्यांत व्याज जाईल ७.०४ लाख. आज तिन्ही कर्जांचं मिळून उरलेलं व्याज आहे १.३१ लाख. दर जवळजवळ एक तृतीयांशाने उतरला आणि व्याज पाचपटीहून जास्त झालं, कारण एक, दोन आणि तीन वर्षांत संपणारी कर्जं ताणून पंधरा वर्षांची केली. महिन्याला ६०,९९१ ऐवजी ३१,९८८ भरावे लागतील, आणि हा दिलासा इतका मोठा दिसतो की मुदतीच्या रकान्याकडे डोळा जातच नाही.

आता तोच टॉप-अप, तोच दर, पण खिशातून जाणारी रक्कम आजच्याइतकीच. पहिलं वर्ष महिन्याला ३७,३५७, म्हणजे आज तिन्ही कर्जांना मिळून जे जातं तेवढं. दुसऱ्या वर्षी, कार्ड एरवीही संपलं असतं म्हणून, २७,३११. तिसऱ्या वर्षी फक्त गाडीच्या हप्त्याइतके १२,९०७. असं भरलं तर टॉप-अप छत्तिसाव्याऐवजी तेहतिसाव्या महिन्यात संपतो आणि व्याज जातं सुमारे ९० हजार. १.३१ लाखांच्या जागी ९० हजार, म्हणजे ४१ हजारांची बचत. दर कमी झाल्याचा खरा, निव्वळ फायदा तो एवढाच आहे. बाकी जो काही फरक दिसतो तो मुदतीचा.

मधल्या मुदतीही तपासून बघा. साडेनऊ टक्क्यांनीच पाच वर्षांसाठी घेतला तर हप्ता १६,८०१ आणि व्याज २.०८ लाख, आजच्यापेक्षा ७७ हजारांनी जास्त. तीन वर्षांसाठी घेतला तर व्याज १.२२ लाखांच्या आसपास. सम कुठे साधते? साधारण ३८ महिन्यांवर. दर सव्वापाच टक्क्यांनी कमी होऊनही, अडतीस महिन्यांच्या पुढे मुदत गेली की एकूण व्याज आजच्यापेक्षा वाढायला लागतं. कर्ज एकत्र करण्याचा कोणताही प्रस्ताव समोर आला की मी आधी हा सम साधणारा महिना काढतो आणि मग दर बघतो. काढायची पद्धत अशी: जुन्या कर्जांचं शेवटपर्यंतचं उरलेलं व्याज एका बाजूला लिहायचं, आणि नव्या कर्जाची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढवत त्याचं एकूण व्याज काढत जायचं. जिथे ते जुन्या आकड्याला ओलांडतं, ती तुमची मर्यादा.

४१ हजारांतून खर्च वजा करायला विसरू नका. टॉप-अपचं प्रक्रिया शुल्क, कागदपत्रांचा खर्च आणि गाडीचं व वैयक्तिक कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क. हे सगळं मिळून समजा १६ हजार झालं, तर फायदा २५ हजारांवर येतो. आणि ४१ हजारांच्या पुढे गेलं, तर एवढी उलाढाल करून पदरात काहीच पडलं नाही.

रुपयांत न बसणारी एक गोष्टही आहे. वैयक्तिक कर्ज आणि कार्ड यांना सहसा तारण नसतं. टॉप-अपमध्ये तीच उधारी घरावर चढते. पुढे कधी उत्पन्न अडलं तर कार्डाचा हप्ता चुकणं आणि घराच्या कर्जाचा हप्ता चुकणं यांत फार अंतर आहे. ८.७५ या आकड्यात हे कुठेच दिसत नाही. खरं तर दर कमी मिळतो तो याच तारणामुळे.

आता विरुद्ध बाजूही मांडतो, कारण ती पोकळ नाही. पंधरा वर्षांत पसरलेले सात लाख आणि तीन वर्षांतले सव्वा लाख यांची सरळ तुलना पूर्ण न्याय्य नाही. उशिरा द्यायच्या रुपयाचं वजन आजच्या रुपयाहून कमी असतं. शिवाय पहिल्या वर्षी महिन्याला २९ हजार हातात राहतात. ते पैसे साडेनऊ टक्क्यांहून जास्त, करानंतर आणि खात्रीने, मिळवून देणार असतील तर लांब मुदत फायद्याची ठरेल. ‘खात्रीने’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण कर्जाचं व्याज खात्रीनेच जातं. बहुतेक घरांत ते २९ हजार कुठे गुंतवले जात नाहीत. ते खर्चात मिसळतात, आणि मोकळं झालेलं कार्ड दीड-दोन वर्षांत पुन्हा भरलेलं दिसतं. मग टॉप-अपही आणि कार्डही. तुमच्याबाबतीत असं होईल असं मी म्हणत नाही, पण टॉप-अप घेतलात तर कार्डाची मर्यादा त्याच दिवशी कमी करून घ्या.

दुसरी खरी परिस्थिती म्हणजे ६१ हजारांचा महिना झेपतच नसणं. हप्ते चुकत असतील किंवा हप्ते भरण्यासाठी कार्ड वापरलं जात असेल, तर एकूण व्याज वाढलं तरी मुदत लांबवणं शहाणपणाचं आहे. तेव्हा हप्त्याचं उत्पन्नाशी असलेलं प्रमाण हेच ओझं, आणि ते मोजायला भारित सरासरीचा उपयोग शून्य. तशी वेळ असेल तर पाच वर्षांचा टॉप-अप मागा. १६,८०१ हप्ता धरून महिना ४०,४३५ वर येतो. वीस हजारांचा दिलासा, ७७ हजारांच्या जादा व्याजात. सवलतीची ही किंमत मोजण्यासारखी असू शकते. पंधरा वर्षांची किंमत पावणेसहा लाख आहे, ती मला कोणत्याच बाजूने पटत नाही.

तुम्ही हप्ते नियमित भरताय असं प्रश्नावरून वाटतं. म्हणून मी असं करेन: टॉप-अप तीन वर्षांच्या मुदतीचा मिळतो का विचारेन. बँक लांबच मुदत देणार असेल आणि मुदतपूर्व फेडीला शुल्क नसेल, तर तो घेऊन वर सांगितल्याप्रमाणे आजच्याइतकीच रक्कम भरेन, पण पहिल्याच महिन्यापासून आपोआप कापली जाईल अशी व्यवस्था लावून. ‘जमेल तसं जास्त भरू’ यावर विसंबून लांब मुदतीवर सही करणार नाही. हे दोन्ही जमत नसेल, तर टॉप-अप सोडून द्या. तसं केलंत तर तुमचं नुकसान फार तर ४१ हजारांचं, तेही शुल्क शून्य धरून.

तुमच्या एकूण ओझ्याची खरी कळ या आठ लाखांत नाहीच, हे मघाच्या ९३ टक्क्यांवरून दिसलं असेल. ती तीन वर्षांनी हातात येते. तेव्हा गाडीचं कर्ज संपेल आणि घराची शिल्लक २१.२९ लाख असेल, अजून १४४ हप्ते बाकी. त्या महिन्यापासून गाडीचे मोकळे झालेले १२,९०७ घराच्या हप्त्यात मिळवून ३६,५४१ भरत गेलात, तर १४४ ऐवजी ७६ महिन्यांत घर मोकळं होतं आणि सुमारे साडेसहा लाखांचं व्याज वाचतं. खिशावर तेव्हा आजच्यापेक्षा कमीच भार असेल. आणि गंमत बघा, या सगळ्या काळात तुमची भारित सरासरी साडेआठ टक्क्यांवरून तसूभरही हलणार नाही, कारण उरलेलं कर्ज एकच असेल.

शेवटची बाब दराच्या बदलाची. वरचे सगळे हिशेब आजचा दर कायम धरून आहेत. घराचं कर्ज बदलत्या दराचं असेल आणि दर एक टक्क्याने वाढला, तर तुमच्या वर्षाच्या व्याजात २४,००० वाढतील आणि भारित सरासरी १०.०६ वरून १०.८१ होईल. तोच एक टक्का कार्डावर वाढला तर फक्त एक हजार. टॉप-अप घेतल्यावर बत्तीसच्या बत्तीस लाख एकाच बदलत्या दराला बांधले जातील, आणि एक टक्क्याचा अर्थ ३२,००० होईल. तेव्हा बँकेला दर विचाराल तेव्हा तो किती दिवसांनी बदलतो आणि कशाला जोडलेला आहे, हेही लेखी घ्या. दर वाढला की बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात. म्हणून दर बदलल्याचा निरोप आला की हप्त्याचा आकडा बघून समाधान मानू नका, उरलेल्या महिन्यांची संख्या बघा.